सहा रस आणि १९२ खुणा

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) षड्रसांवर एक उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट हे सहा रस. त्यांतला एकेक घेऊन, मग दोन-दोन मिसळून, मग तीन-तीन, असे सहाही एकत्र येईपर्यंत किती प्रकार होतील? उत्तर अनुक्रमे ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. कुठला रस किती प्रमाणात घातला, याचा इथे विचार नाही. रस मिश्रणात आहे की नाही, एवढेच पाहायचे.

पुढचा प्रश्न ‘लीलावती’तला नाही, आपण त्याला जोडून घेतलेला आहे. ही ६३ मिश्रणे ६३ वाट्यांत खरोखरच करून ठेवायची ठरवली, तर सगळे मिळून किती वेळा कुठला ना कुठला रस वाटीत घालावा लागेल? एकेरी सहा वाट्यांत एकेक, म्हणजे सहा वेळा. दोन रसांच्या पंधरा वाट्यांत तीस वेळा. तीन रसांच्या वीस वाट्यांत साठ वेळा. असे करत गेलो की बेरीज होते:

१×६ + २×१५ + ३×२० + ४×१५ + ५×६ + ६×१ = १९२

आता १९२ म्हणजे ६ × ३२, आणि ३२ म्हणजे २⁵. सहाऐवजी चार रस घेतले, तर अशीच बेरीज ४ + १२ + १२ + ४ = ३२ येते, आणि ती ४ × २³ आहे. तीन घेतले तर १२ येते, म्हणजे ३ × २². कुठलीही नैसर्गिक संख्या n घेतली तरी हे जमते. n वस्तूंमधून k वस्तू निवडण्याच्या प्रकारांना C(n, k) म्हणू. मग विधान असे:

1·C(n,1) + 2·C(n,2) + 3·C(n,3) + … + n·C(n,n) = n·2ⁿ⁻¹

द्विपद सहगुणकांच्या नित्य समानता शेकड्यांनी आहेत. त्यांतली ही एक साधी, पण तिच्या दोन सिद्धता शेजारी शेजारी ठेवल्या की बीजगणित काय करते आणि मोजणी काय करते, याचा फरक नेमका दिसतो. शिवाय या दोन सिद्धता मुळात एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हेही दिसते.

एक तक्ता, दोन बेरजा

आधी मोजणीची सिद्धता. एक मोठा तक्ता आखू. सहा स्तंभ, प्रत्येक रसाचा एक. ओळी ६४: वरच्या ६३ मिश्रणांच्या, आणि एक रिकाम्या वाटीची. ज्या मिश्रणात जो रस आहे, त्या ओळीत त्या रसाच्या स्तंभात एक खूण करायची. ‘आंबट-तिखट’ या ओळीत दोन खुणा येतील, सहाही रसांच्या ओळीत सहा, आणि रिकाम्या वाटीच्या ओळीत एकही नाही.

प्रश्न एकच: तक्त्यात एकूण खुणा किती?

ओळींनी मोजू. k रसांच्या मिश्रणाच्या ओळीत k खुणा असतात, आणि अशा ओळी C(6, k) आहेत. म्हणजे वर केलेलीच बेरीज, १९२.

आता स्तंभांनी मोजू. फक्त ‘गोड’चा स्तंभ पाहा. गोड रस किती मिश्रणांत आहे? तो तर आहेच असे धरले की उरलेल्या पाच रसांपैकी प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न उरतो: घालायचा की नाही? पाच प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणून २⁵ = ३२ मिश्रणे. गोडाच्या स्तंभात ३२ खुणा. आंबट, खारट आणि इतर कुठल्याही स्तंभाचे हेच. सहा स्तंभ, प्रत्येकी ३२, एकूण १९२.

खुणा त्याच, तक्ता तोच. म्हणून दोन्ही बेरजा सारख्या असल्याच पाहिजेत. सहाच्या जागी n लिहा, पाचच्या जागी n−1 लिहा. युक्तिवादात एक शब्दही बदलावा लागत नाही. सिद्धता संपली. एकच संच दोन वाटांनी मोजायचा आणि मिळालेली दोन उत्तरे समान मांडायची, या पद्धतीला दुहेरी मोजणी म्हणतात.

या सिद्धतेत गुणाकार-भागाकाराची एकही कसरत नाही. C(n, k) चे सूत्र कुठेही वापरलेले नाही, ते ठाऊक नसले तरी चालते. ‘n वस्तूंमधून k निवडण्याचे प्रकार’ हा त्याचा अर्थ तेवढा लागतो.

बीजगणिताच्या दोन वाटा

बीजगणिताने हेच सिद्ध करायला अकरावीतले सामान पुरते. पहिली वाट फॅक्टोरियलची. C(n, k) = n! / (k!(n−k)!) हे सूत्र घ्या आणि त्याला k ने गुणा. छेदातल्या k! मधला k कटतो, तिथे (k−1)! उरते. अंशातल्या n! मधून एक n बाहेर काढला की:

k·C(n, k) = n·C(n−1, k−1)

आता k ला १ पासून n पर्यंतच्या सगळ्या किमती देऊन बेरीज करा. उजवीकडे n बाहेर येतो आणि आत C(n−1, 0) पासून C(n−1, n−1) पर्यंतचे सगळे सहगुणक उरतात. त्यांची बेरीज 2ⁿ⁻¹. काम झाले.

दुसरी वाट अवकलनाची, म्हणजे कॉलेजच्या बोलीत डेरिव्हेटिव्ह काढण्याची. द्विपद प्रमेय सांगते:

(1 + x)ⁿ = C(n,0) + C(n,1)x + C(n,2)x² + … + C(n,n)xⁿ

दोन्ही बाजूंचे x च्या सापेक्ष अवकलन करा. डावीकडे n(1 + x)ⁿ⁻¹ येते. उजवीकडे xᵏ चे kxᵏ⁻¹ होते, त्यामुळे प्रत्येक सहगुणकाला k चा गुणक आपोआप चिकटतो. आता x = 1 ठेवा. दोन ओळींत तेच विधान हाती येते.

दोन्ही वाटा निर्दोष आहेत आणि दुसरी तर फारच चटपटीत. पण ती वाचून ‘n·2ⁿ⁻¹ हीच संख्या का?’ असे विचारले, तर उत्तर ‘आकडेमोड तशी येते म्हणून’ एवढेच मिळते. तक्त्याच्या सिद्धतेत n म्हणजे स्तंभांची संख्या आणि 2ⁿ⁻¹ म्हणजे प्रत्येक स्तंभातल्या खुणा. सूत्रातल्या प्रत्येक तुकड्याला तिथे स्वतःचे काम आहे.

अवकलन म्हणजे खूण करणे

इथेच थांबलो, तर दुहेरी मोजणी म्हणजे समज आणि बीजगणित म्हणजे यंत्र, असा सोपा निष्कर्ष निघेल. तो अपुरा आहे. अवकलनाच्या पोटात शिरून पाहू.

(1 + x)⁶ हे सहा कंस शेजारी शेजारी मांडून लिहा:

(1 + x)(1 + x)(1 + x)(1 + x)(1 + x)(1 + x)

पहिला कंस गोडाचा, दुसरा आंबटाचा, असे प्रत्येक रसाला एक कंस द्या. गुणाकार उलगडताना प्रत्येक कंसातून 1 किंवा x यांपैकी एक उचलावा लागतो. x उचलला म्हणजे तो रस घातला, 1 उचलला म्हणजे वगळला. गोड, तिखट आणि कडू या तीन कंसांतून x आणि बाकीच्यांतून 1 घेतला की x³ मिळतो, आणि तो म्हणजे गोड-तिखट-कडू हे मिश्रण. त्यामुळेच x³ चा सहगुणक २० येतो: तीन रसांची मिश्रणे तेवढी आहेत.

आता या गुणाकाराचे अवकलन करा, पण घाताचा तयार नियम न लावता गुणाकाराच्या नियमाने. तो नियम सांगतो: एका वेळी एकाच घटकाचे अवकलन करा, बाकीचे जसेच्या तसे ठेवा, आणि अशा सगळ्या पदांची बेरीज घ्या. (1 + x) चे अवकलन केले की 1 येतो. म्हणजे पहिल्या पदात गोडाचा कंस नाहीसा होतो आणि बाकीचे पाच कंस उरतात. दुसऱ्या पदात आंबटाचा जातो. अशी सहा पदे, प्रत्येकात (1 + x)⁵. x = 1 ठेवले की प्रत्येक पद ३२ होते. ही आपल्या तक्त्यातली स्तंभांची बेरीज आहे, फरक एवढाच की ‘गोड आहेच असे धरले’ याऐवजी इथे ‘गोडाचा कंस बाजूला काढला’ असे झाले.

उलगडलेल्या बाजूला xᵏ चे अवकलन kxᵏ⁻¹ का होते? xᵏ म्हणजे k वेळा x चा गुणाकार, आणि त्या k जागांपैकी प्रत्येकीवर एकदा अवकलनाची पाळी येते. मिश्रणात k रस असले, की खूण करायला k जागा. ही ओळींची बेरीज.

तेव्हा अवकलनाच्या सिद्धतेत तोच तक्ता दडलेला आहे. अवकलन ही क्रिया मिश्रणातल्या एका रसावर बोट ठेवते, आणि गुणाकाराचा नियम ते बोट कुठल्या कुठल्या स्तंभात पडू शकते ते मोजतो. बीजगणित हा हिशेब आपल्याला न दाखवता करते.

x मोकळा ठेवण्याचा फायदा

हिशेब न दाखवण्याचा एक मोबदलाही बीजगणित देते. x = 1 ठेवण्याआधी आपल्या हाती याहून बरेच मोठे विधान होते:

1·C(n,1) + 2·C(n,2)x + 3·C(n,3)x² + … + n·C(n,n)xⁿ⁻¹ = n(1 + x)ⁿ⁻¹

हे x च्या प्रत्येक किमतीला खरे आहे. x = 2 ठेवा. n = 6 असताना उजवीकडे ६ × ३⁵ = १४५८ येते. डावीकडची बेरीज ६ + ६० + २४० + ४८० + ४८० + १९२, तीही १४५८. बीजगणिताला यासाठी नवे काही करावे लागले नाही.

मोजणीवाल्याला मात्र थोडा विचार करावा लागतो, कारण त्याला 2ᵏ⁻¹ आणि 3ⁿ⁻¹ यांना अर्थ द्यायचा आहे. तो देता येतो. एका रसावर खूण करा. बाकीच्या प्रत्येक रसाला दोनऐवजी तीन पर्याय द्या: नाही, थोडा, जास्त. स्तंभाने मोजले तर खुणेचा रस सहा प्रकारे ठरतो आणि उरलेल्या पाचांना तीन-तीन पर्याय मिळतात: ६ × ३⁵. ओळीने मोजले तर k रसांचे मिश्रण निवडा, त्यातल्या एकावर खूण करा, आणि उरलेले k−1 रस थोडे की जास्त ते ठरवा: k·C(6, k)·2ᵏ⁻¹. जमले.

आता x = −1 ठेवा. उजवीकडे n·0ⁿ⁻¹, म्हणजे n दोन किंवा जास्त असेल तर शून्य. सहा रसांसाठी:

६ − ३० + ६० − ६० + ३० − ६ = ०

इथे साधी दुहेरी मोजणी अडते. खुणा मोजताना उणे कुठून आणायचे? कुठल्याही संचात उणे तीस वस्तू नसतात. यासाठी मोजणीवाल्यांनी वेगळी युक्ती काढली आहे, ती म्हणजे जोड्या लावण्याची. विषम रसांच्या मिश्रणांतल्या खुणांना अधिक चिन्ह द्या, सम रसांच्या मिश्रणांतल्या खुणांना उणे. मग प्रत्येक अधिक खुणेला एक उणे खूण जोडीदार म्हणून शोधून द्यायची.

जोडीदार असा शोधतात. खूण गोडावर आहे असे समजा. गोड सोडून यादीतला पहिला रस आंबट. तो मिश्रणात असेल तर काढून टाका, नसेल तर घाला. मिश्रणातल्या रसांची संख्या एकाने बदलली, म्हणून चिन्ह उलटले. खूण मात्र गोडावरच राहिली. हीच कृती पुन्हा केली की मूळ मिश्रण परत येते, त्यामुळे दोघे एकमेकांचेच जोडीदार आहेत. गोड-आंबट-कडूची जोडी गोड-कडूशी, तीही गोडावरच्या खुणेची. खूण गोडाऐवजी दुसऱ्या कुठल्याही रसावर असेल, तर घालायचा-काढायचा रस म्हणजे गोड. सगळ्या खुणा जोडीजोडीने कटतात आणि शून्य उरते.

या सिद्धतेत ‘n दोन किंवा जास्त’ ही अट का लागते तेही उघड दिसते. एकच रस असेल, तर खूण त्याच्यावर जाते आणि घालायला-काढायला दुसरा रसच उरत नाही. जोडी लागत नाही, आणि बेरीज शून्याऐवजी १ येते. बीजगणितात हीच अडचण 0⁰ या चमत्कारिक रूपाने समोर येते.

६३ चे १९२ कसे होतात

दुहेरी मोजणी वाचायला सोपी वाटते, पण लिहिताना तिच्यात एक चूक वारंवार होते. ती याच उदाहरणात दाखवता येते.

समजा कुणी विचारले, निदान एक रस असलेली मिश्रणे किती? उत्तर ६३ हे आपल्याला ठाऊक आहे. पण एखादा विद्यार्थी असा विचार करतो: निदान एक रस हवा, तर तो आधी निवडून टाकू, सहा प्रकार. उरलेले पाच रस घाला किंवा वगळा, ३२ प्रकार. म्हणून ६ × ३२ = १९२.

प्रत्येक पायरी बरोबर वाटते आणि उत्तर तिपटीहून जास्त येते. चूक कुठे? गोड आधी निवडून मग आंबट घातला, किंवा आंबट आधी निवडून मग गोड घातला. मिश्रण एकच, पण ते दोनदा मोजले गेले. k रसांचे प्रत्येक मिश्रण k वेळा मोजले गेले आहे. म्हणजे विद्यार्थ्याने मिश्रणे मोजलीच नाहीत, त्याने खुणा मोजल्या. ‘आधी निवडलेला रस’ ही खूणच होती. फक्त शेवटी ती पुसून टाकली आणि आकडा तसाच ठेवला.

ही चूक पकडायची एक खात्रीची कसोटी आहे. तयार झालेली वस्तू हातात घ्या आणि विचारा: हिच्याकडे पाहून मी कुठल्या पायरीवर काय निवडले, ते एकाच प्रकारे सांगता येते का? गोड-आंबट मिश्रणाकडे पाहून आधी कोण निवडला गेला ते सांगता येत नाही, म्हणून मोजणी फसली. त्याच मिश्रणात गोडावर खूण दिसत असेल, तर लगेच सांगता येते, म्हणून खुणांची मोजणी टिकते. दुसरी कसोटी त्याहून स्वस्त: लहान n घेऊन सगळी यादी लिहून काढायची. दोन रसांची मिश्रणे तीन होतात, आणि विद्यार्थ्याची रीत २ × २ = ४ सांगते. तिथेच बिंग फुटते.

जास्तीची मोजणी नेहमी टाकाऊ असते, असे मात्र नाही. प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा मोजली गेली असेल, तर त्या संख्येने भागून चूक दुरुस्त करता येते. ‘लीलावती’तला नियम याच तत्त्वावर उभा आहे. तो सांगतो की ६, ५, ४, ३, २, १ या संख्या उलट्या क्रमाने आणि १, २, ३, ४, ५, ६ सुलट्या क्रमाने मांडा आणि गुणत-भागत पुढे जा: ६ भागिले १ म्हणजे ६, त्याला ५ ने गुणून २ ने भागले की १५, त्याला ४ ने गुणून ३ ने भागले की २०, पुढे तसेच.

१५ वरून २० वर जाताना ४ ने का गुणायचे आणि ३ ने का भागायचे? दोन रसांची १५ मिश्रणे आहेत. प्रत्येकात न वापरलेल्या चार रसांपैकी एक घाला: ६० कृती. पण गोड-आंबट-तिखट हे मिश्रण तीन वाटांनी तयार होते, कारण शेवटी घातलेला रस त्या तिघांपैकी कुणीही असू शकतो. तीन रसांचे प्रत्येक मिश्रण बरोबर तीनदा आले, म्हणून ६० भागिले ३, म्हणजे २०. हीसुद्धा दुहेरी मोजणीच आहे: शेवटी घातलेल्या रसावर खूण केलेली मिश्रणे एकदा १५ × ४ अशी मोजली, एकदा ३ × २० अशी. विद्यार्थ्याच्या १९२ ला मात्र असे भागून वाचवता येत नाही, कारण काही मिश्रणे एकदा मोजली गेली, काही दोनदा, काही सहादा.

सूत्र कृती सांगते. ती कृती का चालते, हे सांगणाऱ्या भागाला आपल्या परंपरेत उपपत्ती म्हणत, आणि ती देणे टीकाकारांचे काम असे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, ती अशा उपपत्तींसाठीच ओळखली जाते. वरचे चार-आणि-तीनचे स्पष्टीकरण आजच्या भाषेत आहे, पण ते भरून काढते ती जागा उपपत्तीचीच.

मोजणी कुठे थांबते

तक्त्याच्या सिद्धतेची एक मर्यादा उघड आहे. n रस हवेत, म्हणून n नैसर्गिक संख्याच हवी. अर्धा रस नसतो. बीजगणिताला ही अडचण नाही: k·C(n, k) = n·C(n−1, k−1) हे त्याला n = 1/2 असतानाही लिहिता येते. k = 2 घ्या. C(n, 2) म्हणजे n(n−1)/2. n = 1/2 ठेवल्यावर ते −1/8 होते, त्याची दुप्पट −1/4. उजवीकडे 1/2 × (−1/2), तेही −1/4.

गंमत अशी की मोजणीची सिद्धताही इथपर्यंत ओढून नेता येते. k ठरवून टाकला की दोन्ही बाजू n च्या बहुपदी होतात, आणि त्यांचा घात k असतो. दोन वेगळ्या बहुपदी k घाताच्या असतील, तर त्या जास्तीत जास्त k ठिकाणी जुळू शकतात. पण तक्त्यातल्या फक्त k रसांच्या ओळी घेऊन तीच मोजणी केली, की या दोन बहुपदी प्रत्येक नैसर्गिक संख्येला जुळतात हे दिसते, म्हणजे अनंत ठिकाणी. तेव्हा त्या वेगळ्या असूच शकत नाहीत, आणि n अपूर्णांक असो की ऋण, समानता टिकते. मोजलेल्या गोष्टी नैसर्गिक संख्यांतल्याच, पण निष्कर्ष सगळ्या संख्यांना लागू पडला. शेवटची उडी मात्र बीजगणिताची होती.

खरी अडचण वेगळी आहे: काही विधानांना मोजणीचा अर्थ सहज सापडत नाही. एक प्रसिद्ध उदाहरण पाहा.

C(0,0)·C(2n,n) + C(2,1)·C(2n−2,n−1) + … + C(2n,n)·C(0,0) = 4ⁿ

n = 2 असताना ६ + ४ + ६ = १६. बीजगणिताने हे एका दमात होते. C(2k, k) हे सहगुणक असलेली अनंत श्रेणी म्हणजे 1/√(1−4x), तिचा वर्ग 1/(1−4x), आणि त्याच्या विस्तारात xⁿ चा सहगुणक 4ⁿ. संपले.

मोजणीने करायचे, तर नाणे 2n वेळा उडवल्यावर येणारे छापा-काट्यांचे 4ⁿ क्रम घ्यावे लागतात, आणि छापे व काटे बरोबरीत असल्याची शेवटची वेळ कुठली, यावरून त्यांचे गट पाडावे लागतात. शेवटची बरोबरी 2k उडवण्यांनंतर झाली असेल, तर तिथपर्यंतचे क्रम C(2k, k) आहेत. त्यानंतर 2(n−k) उडवण्यांत पुन्हा बरोबरी होता कामा नये. असे क्रम किती? तेही C(2n−2k, n−k) च आहेत. पण हे अजिबात उघड नाही. त्यासाठी स्वतंत्र सिद्धता लागते आणि खरी मेहनत तिथेच आहे. चार उडवण्यांपुरते हाताने पडताळता येते: शेवटची बरोबरी चौथ्यानंतर असलेले ६ क्रम, दुसऱ्यानंतर असलेले ४, आणि सुरुवातीनंतर कधीच बरोबरी न झालेले ६.

अशा विधानांची सिद्धता आता संगणकही देतो. मार्को पेत्कोव्हशेक, हर्बर्ट विल्फ आणि डोरॉन झाइलबर्गर यांच्या ‘A = B’ (१९९६) या पुस्तकात द्विपद सहगुणकांच्या बेरजांचा फार मोठा वर्ग यांत्रिक रीतीने कसा सिद्ध करता येतो, ते मांडले आहे. तिथे मिळणारी सिद्धता पडताळता येते, पण तिच्यात काय मोजले गेले ते लिहिलेले नसते.

म्हणून दोघांच्या कामांची वाटणी अशी करावी. एखादी समानता खरी आहे का आणि ती कुठपर्यंत ताणता येते, हे बीजगणिताला विचारावे. ते लवकर सांगते, आणि ऋण किमती, अपूर्णांक, मोकळा x हे सगळे त्याला चालते. ती समानता कशाची आहे, हे मोजणीला विचारावे. मोजणीने सिद्धता लिहायला बसताना पहिले वाक्य ‘आपण अमुक वस्तू मोजत आहोत’ असे असावे, आणि त्यात खूण, क्रम, रिकामी वाटी यांतले काय धरले व काय सोडले ते स्पष्ट असावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर पुढची आकडेमोड कितीही जुळली तरी ती सिद्धता होत नाही.

वाचकांनी हातात कागद घेऊन करून पाहावे असे एक गणित देऊन थांबतो. एका रसावर खूण करण्याऐवजी तीन वेगवेगळ्या रसांवर पहिली, दुसरी आणि तिसरी अशा खुणा करा. ओळींनी मोजले तर k(k−1)(k−2)·C(6, k) यांची बेरीज येते; ती १२० + ३६० + ३६० + १२० = ९६० आहे. हेच ९६० स्तंभांच्या बाजूने कसे येतात ते शोधा, n साठी सूत्र लिहा, आणि मग (1 + x)ⁿ चे किती वेळा अवकलन केले की तेच मिळते ते पाहा.